सरासरी देय तारीख आणि चालू खात्यावरील व्याज

प्रास्ताविक

मागील घटकात आपण विपत्र म्हणजे काय, ते कोण लिहितो आणि कोण स्वीकारतो हे पाहिले. व्यापारात मात्र एकाच गिऱ्हाइकावर एकच विपत्र काढले आणि व्यवहार संपला, असे क्वचितच घडते. एका हंगामात चार-सहा विपत्रे निघतात, प्रत्येकाची रक्कम वेगळी असते आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी भरते. मग गिऱ्हाईक म्हणते, "चार वेळा पैसे पाठवण्यापेक्षा सगळी रक्कम एकदाच देतो, व्याज काय होईल ते सांगा." या वाक्याला बिनचूक उत्तर देता येणे हा या घटकाचा विषय आहे. त्याच्याच पुढची पायरी म्हणून, विपत्रे न काढता उधारीवर चालणाऱ्या खात्याचे व्याज तारखांवरून कसे काढतात, तेही आपण पाहणार आहोत.

उदाहरणासाठी आपण कोल्हापुरातील गुळाचा व्यापार घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि पुढे कोल्हापूरचा गूळ दूरवरच्या बाजारांत गेला. गुजरात हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. या व्यापाराची घडण आपल्या विषयाला फार सोयीची आहे. शेतकरी गुऱ्हाळावरचे रवे घेऊन येतो, अडत्याच्या दुकानात सौदा होतो, आणि अडत्याला शेतकऱ्याची पट्टी लवकर चुकती करावी लागते. परगावच्या व्यापाऱ्याकडून पैसे मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येतात. मधल्या काळात अडत्याचे भांडवल अडकलेले असते. म्हणून अडत्याच्या पेढीवर रकमेइतकेच महत्त्व तारखेला असते. पुढील उदाहरणातील पेढी, व्यापारी आणि रकमा काल्पनिक आहेत. तारखा मात्र प्रत्यक्ष दिनदर्शिकेतील आहेत, कारण सुट्या आणि लीप वर्ष यांचा परिणाम त्याशिवाय दिसणार नाही.

आधी प्रत्येक विपत्राची देय तारीख

शाहूपुरीतील एका पेढीने गुजरातमधील एका व्यापाऱ्यावर २०२३-२४ च्या हंगामात चार विपत्रे काढली. सर्वांची मुदत दोन महिने. पहिले विपत्र २३ नोव्हेंबर २०२३ चे १,२०,००० रुपयांचे, दुसरे ११ डिसेंबरचे ८०,००० रुपयांचे, तिसरे ३० डिसेंबरचे १,५०,००० रुपयांचे आणि चौथे १९ जानेवारी २०२४ चे ५०,००० रुपयांचे. एकूण ४,००,००० रुपये.

सरासरी काढण्याची घाई करू नये. या प्रकारच्या उदाहरणांत चुका होतात त्या बहुधा सरासरीत होत नाहीत, देय तारखांत होतात. चलनक्षम दस्तऐवजांचा १८८१ चा कायदा येथे तीन गोष्टी सांगतो. मुदतीच्या विपत्राला मुदत भरल्यानंतर तीन सवलतीचे दिवस मिळतात. मुदत महिन्यांत दिली असेल तर त्या महिन्यातील त्याच क्रमांकाचा दिवस धरायचा. तो दिवस त्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. आणि अशा रीतीने आलेली तारीख सार्वजनिक सुटीची असेल, तर विपत्र आदल्या कामाच्या दिवशी देय होते. रविवार हीही सार्वजनिक सुटीच समजली जाते. "आदल्या" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. आपल्या नेहमीच्या व्यवहारात सुटी आली की काम दुसऱ्या दिवशी होते, म्हणून विद्यार्थी सहजपणे तारीख पुढे ढकलतात. विपत्राची तारीख मागे येते.

येथे एक मर्यादा सांगायला हवी. देशी भाषेत लिहिलेल्या हुंडीच्या बाबतीत हा कायदा स्थानिक रूढीला बाधा आणत नाही. म्हणून जुन्या पेढ्यांवरील हुंड्यांचे हिशेब वाचताना सवलतीचे दिवस तीनच असतील असे गृहीत धरता येत नाही. त्या पेठेची रूढी पाहावी लागते. आपले उदाहरण नेहमीच्या विपत्रांचे आहे.

आता चारही तारखा काढू. पहिल्या विपत्राची मुदत २३ जानेवारी २०२४ ला भरते. तीन दिवस मिळवले की २६ जानेवारी येते. तो प्रजासत्ताक दिन, म्हणून देय तारीख २५ जानेवारी. दुसऱ्याची मुदत ११ फेब्रुवारीला भरते, तीन दिवसांनी १४ फेब्रुवारी. त्यात काही अडचण नाही. तिसरे विपत्र थोडे फसवे आहे. ३० डिसेंबरपासून दोन महिने म्हणजे ३० फेब्रुवारी, आणि असा दिवस नसतो. २०२४ हे लीप वर्ष असल्याने फेब्रुवारीचा शेवटचा दिवस २९. त्यात तीन दिवस मिळवून ३ मार्च येते. त्या दिवशी रविवार होता, म्हणून देय तारीख शनिवार, २ मार्च. चौथ्याची मुदत १९ मार्चला आणि देय तारीख २२ मार्च.

सरासरी म्हणजे नेमके कशाची सरासरी?

आता व्यापारी म्हणतो की चारही विपत्रांचे मिळून ४,००,००० रुपये तो ३० मार्च २०२४ ला एकरकमी देईल आणि उशिराबद्दल द.सा.द.शे. १२ दराने व्याजही देईल. दर ठरला, दिवस ठरला. प्रश्न एवढाच उरतो की व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे?

येथेच भांडण उभे राहते. व्यापाऱ्याचा मुनीम म्हणतो, "शेवटचे विपत्र २२ मार्चचे, म्हणून आठ दिवसांचे व्याज." चार लाखांवर १२ टक्के दराने एका दिवसाचे व्याज सुमारे १३१ रुपये ५१ पैसे होते, आठ दिवसांचे १,०५२ रुपये ५ पैसे. पेढीवरचा नवा कारकून म्हणतो, "पहिले पैसे २५ जानेवारीला यायचे होते, म्हणून पासष्ट दिवसांचे." ते होतात ८,५४७ रुपये ९५ पैसे. दोन्ही आकड्यांत साडेसात हजारांच्या आसपास अंतर आहे. आणि दोघेही चुकलेले आहेत. एकाने पहिल्या तीन विपत्रांचा उशीर माफ केला, दुसऱ्याने शेवटच्या तीन विपत्रांवर मुदत भरण्यापूर्वीच व्याज लावले.

तिसरा कोणी म्हणेल, चार तारखांची मधली तारीख काढा. २५ जानेवारीपासून चार देय तारखांचे अंतर अनुक्रमे ०, २०, ३७ आणि ५७ दिवस आहे. यांची साधी सरासरी साडेअठ्ठावीस दिवस. हेही बरोबर नाही, कारण पन्नास हजार रुपये सत्तावन्न दिवस थांबणे आणि दीड लाख रुपये सदतीस दिवस थांबणे यांचे वजन सारखे नाही. व्याज रकमेवरही लागते आणि दिवसांवरही. म्हणून मोजायची गोष्ट ना रुपया, ना दिवस. ती आहे रुपया आणि दिवस यांचा गुणाकार. १०० रुपये १० दिवस वापरले काय आणि १,००० रुपये १ दिवस वापरले काय, व्याज तेच. या घटकातील प्रत्येक रीत या एका वाक्यावर उभी आहे.

कृती अशी. एक आधार तारीख धरावी. सोय म्हणून सर्वांत आधीची देय तारीख घेतात. तेथून प्रत्येक देय तारखेपर्यंतचे दिवस मोजावेत. दिवस मोजताना सुरुवातीचा दिवस सोडावा आणि शेवटचा धरावा. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणावे, गुणाकारांच्या बेरजेला रकमांच्या बेरजेने भागावे, आणि येणारे दिवस आधार तारखेत मिळवावेत.

| देय तारीख | रक्कम | २५ जानेवारीपासून दिवस | गुणाकार |
|---|---|---|---|
| २५ जानेवारी | १,२०,००० | ० | ० |
| १४ फेब्रुवारी | ८०,००० | २० | १६,००,००० |
| २ मार्च | १,५०,००० | ३७ | ५५,५०,००० |
| २२ मार्च | ५०,००० | ५७ | २८,५०,००० |
| एकूण | ४,००,००० | | १,००,००,००० |

तिसऱ्या ओळीतील ३७ कसे आले ते एकदा स्वतः मोजून पाहा: जानेवारीचे उरलेले ६, फेब्रुवारीचे २९ आणि मार्चचे २. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा धरला तर येथे आणि पुढच्या ओळीतही एक दिवस कमी पडेल. आता एक कोटीला चार लाखांनी भागले की २५ येतात. २५ जानेवारीनंतर पंचवीस दिवस म्हणजे १९ फेब्रुवारी २०२४. ही सरासरी देय तारीख. भागाकार पूर्ण न येता अपूर्णांक आला, तर अर्धा किंवा अधिक असल्यास एक दिवस धरण्याची आणि कमी असल्यास सोडून देण्याची रीत आहे.

१९ फेब्रुवारी ही महाराष्ट्रात शिवजयंतीची सुटी. मग तारीख १८ करायची का? नाही. १८ ला रविवार होता हे कारण नव्हे; मुळात सुटीचा नियम विपत्राच्या देय तारखेला आहे, सरासरी तारखेला नाही. १९ फेब्रुवारीला कोणतेही विपत्र देय नाही. ती केवळ व्याज मोजण्यास सुरुवात करण्याची खूण आहे. सवलतीचे तीन दिवसही येथे पुन्हा मिळवायचे नसतात. ते प्रत्येक विपत्रात एकदा मिळवून झाले आहेत.

ही तारीख न्याय्य आहे हे कशावरून?

सूत्रावर विश्वास ठेवण्याऐवजी आपण ती तपासू. समजा व्यापाऱ्याने खरोखरच १९ फेब्रुवारीला चार लाख रुपये दिले असते. पहिल्या विपत्राचे १,२०,००० रुपये पंचवीस दिवस उशिरा आले असते: गुणाकार ३०,००,०००. दुसऱ्याचे ८०,००० पाच दिवस उशिरा: ४,००,०००. पेढीचे एकूण नुकसान ३४,००,००० रुपये-दिवसांचे. उलट तिसऱ्या विपत्राचे १,५०,००० बारा दिवस आधी मिळाले असते: १८,००,०००. चौथ्याचे ५०,००० बत्तीस दिवस आधी: १६,००,०००. पेढीचा फायदा ३४,००,०००. तराजूची दोन्ही पारडी समान झाली. कोणालाच कोणाचे व्याज देणे लागत नाही अशी ही एकमेव तारीख आहे, आणि सरासरी देय तारखेची खरी व्याख्या हीच.

आधार तारीख कोणतीही घेतली तरी उत्तर तेच येते. शेवटची तारीख, २२ मार्च, आधार धरून मागे मोजले तर दिवस अनुक्रमे ५७, ३७, २० आणि ० येतात, गुणाकारांची बेरीज १,२८,००,०००, भागाकार ३२. २२ मार्चच्या बत्तीस दिवस आधी पुन्हा १९ फेब्रुवारीच. परीक्षेत वेळ उरला तर पडताळ्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे.

आता व्याज सोपे झाले. १९ फेब्रुवारी ते ३० मार्च म्हणजे ४० दिवस.

४,००,००० × १२/१०० × ४०/३६५ = ५,२६०.२७ रुपये

२०२४ हे लीप वर्ष आहे, मग ३६६ ने भागायचे का, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. ३६६ घेतल्यास व्याज ५,२४५ रुपये ९० पैसे येते. दिवस मोजताना २९ फेब्रुवारी सोडता येत नाही, कारण पैसे त्या दिवशीही अडकलेले होते. पण वर्षाचा भाजक हा उभय पक्षांतील कराराचा भाग आहे. या पाठात आपण सर्वत्र ३६५ धरला आहे. परीक्षेत काय धरले ते उत्तरात एका ओळीत लिहावे.

ही रीत वापरता येत नाही अशीही परिस्थिती असते. चारांपैकी एखादे विपत्र पेढीने बँकेत वटवून टाकले असेल किंवा दुसऱ्याच्या नावे करून दिले असेल, तर ते पैसे मागण्याचा अधिकार आता पेढीकडे नाही. तेवढे विपत्र या बेरजेत घेता येणार नाही. तसेच वेगवेगळ्या विपत्रांवर वेगवेगळा व्याजदर ठरला असेल, तर केवळ रकमेने दिलेले वजन पुरे पडत नाही.

विपत्रांऐवजी चालू खाते

समजा व्यापाऱ्याने ३० मार्चला मुद्दल आणि व्याज चुकते केले. एप्रिलपासून दोघांनी ठरवले की आता विपत्रे नकोत; माल जाईल, पैसे येतील, आणि दर तिमाहीस हिशेब होईल. अशा खात्याच्या उताऱ्याला वाणिज्यात चालू खाते म्हणतात. बँकेतील चालू खात्याशी याचा गोंधळ करू नये. हा एका पक्षाने दुसऱ्याला पाठवायचा, तारीखवार, व्याजासह उतारा आहे. पेढीच्या वहीत व्यापाऱ्याला दिलेला माल त्याच्या नावे पडतो आणि त्याच्याकडून आलेले पैसे जमा होतात. "नावे पडणे" हा वाक्प्रचार मराठीत मोडीच्या वह्यांतून रोजच्या बोलण्यापर्यंत आला आहे. येथे तो मूळ अर्थाने वापरलेला दिसेल.

१ एप्रिल ते ३० जून २०२४ या तिमाहीतील नोंदी अशा धरू. सुरुवातीला व्यापाऱ्याकडे वेगळ्या व्यवहारातील ४०,००० रुपये येणे होते. १५ एप्रिलला ९०,००० रुपयांचा गूळ एक महिन्याच्या उधारीवर दिला. ६ मे रोजी ६०,००० रुपयांचा गूळ तत्काळ देय अशा अटीवर दिला. १० मे रोजी, अक्षय्य तृतीयेला, १,००,००० रुपये आले. ३१ मे रोजी ३०,००० रुपये आले. २० जूनला ५०,००० रुपयांचा गूळ एक महिन्याच्या उधारीवर दिला. व्याज दोन्ही बाजूंना १२ टक्के.

येथे आधार तारीख ही खाते बंद होण्याची तारीख, म्हणजे ३० जून. प्रत्येक रक्कम देय झाल्यापासून ३० जूनपर्यंत किती दिवस व्याज कमावते ते मोजायचे. मालाच्या बिलाची तारीख नव्हे, देय तारीख. हा फरक विपत्रांच्या वेळी होता तसाच येथेही आहे. मात्र साध्या उधारीला सवलतीचे तीन दिवस नाहीत.

| बाजू | तपशील | देय तारीख | रक्कम | दिवस | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| नावे | आरंभीची शिल्लक | १ एप्रिल | ४०,००० | ९१ | ३६,४०,००० |
| नावे | माल, १५ एप्रिल | १५ मे | ९०,००० | ४६ | ४१,४०,००० |
| नावे | माल, ६ मे | ६ मे | ६०,००० | ५५ | ३३,००,००० |
| नावे | माल, २० जून | २० जुलै | ५०,००० | उणे २० | उणे १०,००,००० |
| जमा | रोख आली | १० मे | १,००,००० | ५१ | ५१,००,००० |
| जमा | रोख आली | ३१ मे | ३०,००० | ३० | ९,००,००० |

दोन नोंदींजवळ थांबायला हवे. पहिली, आरंभीची शिल्लक. १ एप्रिल ते ३० जून नेहमीच्या रीतीने मोजले तर ९० दिवस येतात, पण येथे ९१ लिहिले आहेत. कारण ही शिल्लक १ एप्रिलला निर्माण झालेली नाही; ती ३१ मार्चच्या संध्याकाळची आहे आणि १ एप्रिलचा पूर्ण दिवस तिने व्याज कमावले आहे. म्हणून आरंभीच्या शिलकेसाठी पहिला दिवसही धरतात.

दुसरी नोंद २० जूनच्या मालाची. ३० जूनला खाते बंद होते आणि हे पैसे २० जुलैला देय होतात. विद्यार्थी येथे दोन चुका करतात: कोणी २० जूनपासूनचे १० दिवस धरून व्याज लावतो, तर कोणी "अजून देय नाही" म्हणून शून्य लिहितो. दुसरी चूक अधिक समंजस वाटते, पण तीही चूकच. कारण पुढे काय होते ते पाहा. ३० जूनला आपण सर्व रकमांची एकच शिल्लक काढून ती १ जुलैला पुढे ओढतो, आणि पुढच्या तिमाहीत त्या संपूर्ण शिलकेवर पहिल्या दिवसापासून व्याज लावतो. त्या शिलकेत हे ५०,००० रुपयेही आहेत. म्हणजे २० जुलैपर्यंतच्या वीस दिवसांचे व्याज, जे व्यापाऱ्याने द्यायचे नाही, ते पुढच्या उताऱ्यात आपोआप लागणार आहे. ते आजच परत करून ठेवायचे, म्हणून गुणाकार उणे. पूर्वी असे गुणाकार वहीत लाल शाईने लिहीत, त्यावरून यास लाल शाईचे व्याज म्हणतात. वही काळ्या शाईची, आणि मध्येच एक लाल आकडा. बेरीज करणाऱ्याने तो मिळवायचा नाही, वजा करायचा, एवढीच त्या रंगाची कामगिरी.

आता नावेच्या तीन गुणाकारांची बेरीज १,१०,८०,०००. त्यातून लाल शाईचे १०,००,००० वजा जाता १,००,८०,०००. जमेच्या बाजूची बेरीज ६०,००,०००. फरक ४०,८०,००० नावेकडे जास्त, म्हणून व्याज व्यापाऱ्याने द्यायचे.

४०,८०,००० × १ दिवस × १२/१०० × १/३६५ = १,३४१.३७ रुपये

नावेची एकूण रक्कम २,४०,०००, त्यात व्याजाचे १,३४१.३७ मिळवून २,४१,३४१.३७, जमा १,३०,०००. शिल्लक १,११,३४१ रुपये ३७ पैसे, ही १ जुलैला नावे ओढायची. लाल शाईची नोंद शून्य धरली असती, तर व्याज १,६७०.१४ झाले असते, आणि जुलैच्या वीस दिवसांचे ३२८ रुपये ७७ पैसे व्यापाऱ्याकडून विनाकारण घेतले गेले असते. रक्कम लहान आहे. पण पेढीचे असे चाळीस व्यापारी असतील आणि प्रत्येकाच्या खात्यात तिमाहीअखेरीस एखादे न भरलेल्या मुदतीचे बिल असेल, तर उताऱ्यांवर तक्रारी का येतात हे कळते.

दुसऱ्या वाटेने पडताळा

हाच हिशेब शिलकेवरूनही करता येतो. यात प्रत्येक रकमेचे दिवस मोजण्याऐवजी, कोणती शिल्लक किती दिवस टिकली ते पाहतात. आरंभीचे ४०,००० रुपये ६ मेपर्यंत ३६ दिवस टिकले: १४,४०,०००. ६ मेला शिल्लक एक लाख झाली आणि १० मेपर्यंत ४ दिवस टिकली: ४,००,०००. अक्षय्य तृतीयेला एक लाख आले आणि देय शिल्लक शून्य झाली. १५ मेपर्यंत काहीच नाही. १५ मेला ९०,००० देय झाले, ३१ मेपर्यंत १६ दिवस: १४,४०,०००. त्या दिवशी ३०,००० आले, उरलेले ६०,००० तीस दिवस टिकले: १८,००,०००. बेरीज ५०,८०,०००. त्यातून लाल शाईचे १०,००,००० वजा केले की पुन्हा ४०,८०,००० उरतात.

या रीतीचा एक फायदा असा की खाते कधी उलटले, म्हणजे पेढीच व्यापाऱ्याचे देणे लागू लागली, ते लगेच दिसते. आपल्या उदाहरणात १० मेला शिल्लक शून्यावर येऊन थांबली. व्यापाऱ्याने त्या दिवशी दीड लाख पाठवले असते, तर पाच दिवस पेढीकडे त्याचे पन्नास हजार राहिले असते. दोन्ही बाजूंना एकच दर असेल तर पहिली रीतही हे बरोबर सांभाळते. पण येण्यावर १२ टक्के आणि देण्यावर ६ टक्के असा करार असेल, तर पहिली रीत चुकीचे उत्तर देते आणि शिलकेचीच रीत वापरावी लागते.

शेवटी दोन्ही विषयांचा सांधा पाहू. व्याज मिळवण्यापूर्वीची शिल्लक १,१०,००० रुपये होती आणि गुणाकारांचा फरक ४०,८०,०००. भागाकार ३७ पूर्णांक काही अंश, म्हणजे ३७ दिवस. ३० जूनच्या सदतीस दिवस आधी २४ मे. सहा नोंदींचे हे सारे खाते व्याजाच्या दृष्टीने एवढेच सांगते की जणू २४ मे रोजी व्यापाऱ्याकडे १,१०,००० रुपये येणे झाले. विपत्रांच्या वेळी १९ फेब्रुवारी जशी आली, तशीच ही तारीख. फरक इतकाच की तेथे सर्व रकमा एकाच बाजूच्या होत्या आणि येथे काही वजा होत्या.

स्वयंअध्ययनासाठी

एका व्यापाऱ्यावर तीन विपत्रे काढली आहेत: १२ जून २०२४ चे दोन महिने मुदतीचे २०,००० रुपयांचे, ३१ जुलै २०२४ चे एक महिना मुदतीचे ३०,००० रुपयांचे, आणि २० जुलै २०२४ चे दोन महिने मुदतीचे ५०,००० रुपयांचे. सरासरी देय तारीख काढा. सर्व रक्कम ३० सप्टेंबर २०२४ ला दिल्यास १२ टक्के दराने, वर्षाचे ३६५ दिवस धरून, व्याज किती?

उत्तर: देय तारखा १४ ऑगस्ट, ३ सप्टेंबर आणि २३ सप्टेंबर. गुणाकारांची बेरीज २६,००,०००, दिवस २६, सरासरी देय तारीख ९ सप्टेंबर २०२४, व्याज ६९० रुपये ४१ पैसे. पहिली देय तारीख १६ ऑगस्ट आली असेल, तर सुटीचा नियम पुन्हा वाचा.